मीच आहे ना त्यात?

तर झालं असं. गेल्या शनिवारी सकाळी आतेबहिणीचा एक फोटो व्हॉट्सॲपवर आला. एका भरती परीक्षेचा फॉर्म तिला भरायचा होता आणि सोमवार शेवटचा दिवस. फोटोत बाईसाहेब निळ्या ब्लेझरमध्ये, पांढऱ्या पडद्यासमोर, केस एकदम चापूनचोपून. तिच्याकडे निळा ब्लेझर नाही. पांढरा पडदाही नाही. खाली प्रश्न: "दादा, सेल्फीवरून ॲपने बनवलाय. फॉर्मला चालेल ना?"

मी म्हटलं, नाही चालणार.

"का? मीच आहे ना त्यात?"

हा प्रश्न मला या वर्षात तिसऱ्यांदा विचारला गेलाय. आधी ऑफिसातल्या एकाने व्हिसाच्या फोटोबद्दल विचारला, मग शेजारच्या काकांनी. तिघांनाही वाटत होतं की नियम करणारे लोक उगाच खुसपटं काढतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

"मीच आहे ना?" हा प्रश्नच चुकीचा आहे. ओळखपत्रावरच्या फोटोला विचारायचा प्रश्न असा: "यात फक्त मीच आहे ना?" या 'फक्त'मध्ये सगळं आलं.

आधी तिच्या ॲपने काय केलं ते बघू. फोटो नुसता उजळ केला असता तर गोष्ट वेगळी होती. अशी ॲप्स चेहरा नव्याने तयार करतात. सेल्फीत डावा कान केसांखाली होता. ॲपने तिथे कान दिला. तो कुणाचा? कुणाचाच नाही. लाखो फोटोंवरून शिकलेल्या मॉडेलचा तो अंदाज आहे. भुवईजवळचा बारीकसा व्रण गायब, जबड्याच्या दोन्ही बाजू सारख्या, आणि त्वचा साबणाच्या जाहिरातीतली. म्हणजे या चेहऱ्यात थोडी ती आहे आणि उरलेले अनोळखी लोकांचे सरासरी चेहरे आहेत. तिचा हेतू स्वच्छ होता. पण तंत्र म्हणून बघितलं तर हे परीक्षेतल्या तोतयांच्या कामाचं सख्खं भावंड आहे.

तोतयाची रीत अशी. समजा 'क' हा उमेदवार आणि त्याच्या जागी पेपर द्यायला बसणारा 'ख'. फॉर्मवर 'क'चा फोटो लावला तर केंद्रावर 'ख' पकडला जाईल. 'ख'चा लावला तर नोकरीवर रुजू होताना 'क' पकडला जाईल. म्हणून दोघांचे फोटो घेतात, डोळे, नाक, ओठांचे कोपरे एकमेकांवर जुळवतात आणि अर्धा-अर्धा मिसळतात. याला मॉर्फिंग म्हणतात. तयार झालेला चेहरा पर्यवेक्षकाला 'ख'सारखा दिसतो आणि कागदपत्रं तपासणाऱ्याला 'क'सारखा. भरती परीक्षांतली असली 'मिक्स फोटो'ची प्रकरणं आपल्याकडे पोलिसांनी पकडलेली आहेत, बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

तुम्ही म्हणाल, माणूस फसेल, मशीन कसं फसेल? सॉफ्टवेअरवाल्यांना नेमकी हीच गंमत कळायला हवी. चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर फोटोचे काही शे आकडे बनवतं, बऱ्याच मॉडेल्समध्ये ५१२. हे आकडे म्हणजे एक बाण समजा. एकाच माणसाच्या दोन फोटोंचे बाण साधारण एकाच दिशेला जातात आणि दोन अनोळखी माणसांचे जवळपास काटकोनात. आता दोघांच्या बरोबर मधोमध जाणारा बाण घेऊ:

```python
import numpy as np
a = np.array([1.0, 0.0])   # क
b = np.array([0.0, 1.0])   # ख
m = (a + b) / np.linalg.norm(a + b)
print(m @ a, m @ b)        # 0.707..., 0.707...
```

साम्य दोघांशीही ०.७०७. आता मेख बघा. पासपोर्ट दहा वर्षं चालतो. तेवढ्यात माणूस जाड होतो, टक्कल पडतं, चष्मा लागतो. म्हणून 'हाच तो' म्हणायची रेषा बरीच खाली ठेवावी लागते. खुल्या मॉडेल्समध्ये ती ०.३ ते ०.४ च्या आसपास ठेवली तरी अनोळखी माणूस चुकून आत जायचं प्रमाण हजारात एकाच्या खाली राहतं. मग ०.७ वाला सहज आत जाणार, आणि तोही दोन्ही नावांनी! खरे फोटो मिसळून इतका आदर्श मध्य मिळत नाही, हे मान्य. पण रेषेपर्यंत भरपूर जागा शिल्लक आहे. रेषा वर न्यावी, तर वय वाढलेले प्रामाणिक लोक बाहेर अडकतील.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २०१४ साली बोलोन्या विद्यापीठातल्या फेरारा, फ्रँको आणि माल्तोनी या संशोधकांनी 'मॅजिक पासपोर्ट' नावाचा निबंध प्रसिद्ध केला. मिसळलेला एकच फोटो बाजारातल्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही माणसांशी जुळतो, हे त्यांनी दाखवून दिलं. आणि २०१८ मध्ये जर्मनीतल्या 'पेंग!' या कलाकारांच्या गटातल्या एकीने आपला चेहरा युरोपीय संघाच्या तेव्हाच्या परराष्ट्र धोरणप्रमुख फेडेरिका मोगेरिनी यांच्या चेहऱ्यात मिसळला, तो फोटो अर्जाला लावला आणि खराखुरा जर्मन पासपोर्ट मिळवला. बनावट पासपोर्ट नव्हे हं! सरकारने छापलेला, सरकारी सहीचा, अस्सल.

इथे 'सही' या शब्दाकडे लक्ष द्या. ई-पासपोर्टच्या चिपमध्ये तुमचा फोटो असतो आणि त्यावर त्या देशाची डिजिटल सही असते. चिपमधला एक पिक्सेल बदलला तरी सही जुळत नाही. फार मजबूत व्यवस्था आहे. पण ती सही एवढंच सांगते की पासपोर्ट दिल्यानंतर फोटो बदललेला नाही. देण्याआधी काय झालं होतं, याबद्दल ती काहीच बोलत नाही. मिसळलेला फोटो आत गेला की सरकार त्याच खोट्यावर दहा वर्षांची खरी मोहोर उमटवतं. पुढचं सगळं क्रिप्टोग्राफी इमानेइतबारे त्या खोट्याचंच रक्षण करतं. म्हणजे सगळा भार एका क्षणावर येतो: फोटो काढला तो क्षण.

"मग खिडकीवरच्या साहेबांनी बघावं की नीट!" असं काका म्हणाले. २०१४ मध्येच ऑस्ट्रेलियात पासपोर्ट अधिकाऱ्यांवर एक प्रयोग झाला होता. माणूस समोर उभा आणि हातात दुसऱ्याच, पण मिळत्याजुळत्या माणसाचा फोटो. रोज हेच काम करणाऱ्या त्या अधिकाऱ्यांनी असे १४ टक्के फोटो 'बरोबर' म्हणून सोडले. तिथे मिसळलेले फोटो नव्हतेच, निव्वळ वेगळी माणसं होती. आपल्या परीक्षा केंद्रावर सकाळी पावणेनऊला तीनशे पोरांच्या रांगेपुढे उभ्या असलेल्या मास्तरांकडून काय अपेक्षा ठेवायची?

मिसळलेल्या फोटोत खुणा राहतात, नाही असं नाही. कानाजवळ केसांची पुसट दुहेरी सावली दिसते, बुबुळाची कड दोनदा उमटते, त्वचेवरची रंध्रं अचानक गुळगुळीत होतात. त्या शोधणारं सॉफ्टवेअरही आहे. पण इथे मला एक कबुली द्यायची आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी अशाच एका भरतीच्या फॉर्मचं फोटो अपलोड लिहिलं होतं. तपासणी काय करायचो? फाइल जेपीजी आहे का आणि २० ते ५० केबीमध्ये बसते का. झालं! सर्व्हरवरची जागा वाचवली म्हणून शाबासकीही मिळाली. आणि ५० केबीत बसवण्यासाठी फोटो दाबला की सगळ्यात आधी काय नष्ट होतं? हेच बारीक तपशील. रंध्रं, केसांच्या कडा, बुबुळाची रेघ. म्हणजे चोराच्या पाऊलखुणा पुसूनच आत या, असा नियम मी स्वतःच्या हाताने लिहिला होता.

आता आतेबहिणीकडे परत येतो, कारण माझं खरं भांडण चोराशी नाहीये. चोर चोरीच करणार. माझं भांडण तुमच्या-माझ्यासारख्या प्रामाणिक लोकांशी आहे. गुळगुळीत त्वचा ही मॉर्फिंगची खूण. पण दहातल्या आठ अर्जदारांनी ॲपने त्वचा गुळगुळीत केली असेल तर ती खूण उरते का? कापून चिकटवलेली पार्श्वभूमी ही संशयाची जागा. पण सगळ्यांचीच तशी असेल तर तपासणाऱ्याने कुणावर संशय घ्यायचा? आपण हौसेने केलेल्या प्रत्येक 'टचअप'मुळे त्या 'क' आणि 'ख'ला लपायला गर्दी मिळते. आणि सॉफ्टवेअर कडक केलं तर अडकणार कोण? ब्लेझरवाली आतेबहीण. परीक्षेच्या दारात, हॉलतिकीट हातात घेऊन, 'अहो मीच आहे हो' म्हणत.

मग चालतं काय? फोटो कापून मापात बसवा, चालेल. मुरुम आहे? राहू द्या, तुमचाच आहे. पार्श्वभूमी पांढरी हवी तर मागे चादर लावा, ॲपने रंगवू नका. फोनचा ब्यूटी मोड बंद करा. काही फोनांत तो आपोआप चालू असतो. हात लांब करून सेल्फी काढू नका, नाक मोठं येतं आणि कान मागे पळतात. दुसऱ्याला चार-पाच फुटांवर उभं करून काढायला सांगा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने तर आता स्पष्टच लिहिलंय की सॉफ्टवेअर, फिल्टर किंवा एआय वापरून बदललेला फोटो नको.

पण निव्वळ लोकांना दटावून भागणार नाही. खरा उपाय आपल्याकडे निम्मा आहेच. पासपोर्ट सेवा केंद्रात फोटो तिथल्या तिथे काढतात, आधारसाठीही तसंच. जर्मनीने १ मे २०२५ पासून कागदी फोटो बंद केले. फोटो कार्यालयात तरी काढायचा, नाहीतर नोंदणीकृत स्टुडिओने थेट सुरक्षित मार्गाने पाठवायचा. अर्जदाराच्या हातात फोटो येतच नाही. परीक्षांच्या फॉर्मवर मात्र बऱ्याच ठिकाणी आपण अजून 'फाइल निवडा'चं बटण देऊन मोकळे होतो. असं बटण लिहिणारे तुमच्यापैकी कुणी असाल (असालच!), तर पुढच्या मीटिंगमध्ये निदान विचारा तरी की ही ५० केबीची अट कुणी आणि कशासाठी घातली.

असो. रविवारी आम्ही कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेलो. फोटो काढणाऱ्या काकांनी सवयीने विचारलं, "चेहरा थोडा साफ करू का?" दोघंही एकदम "नको" म्हणालो. तिला तो फोटो अजिबात आवडलेला नाही. व्रण दिसतो, एक कान जरा पुढे आहे, आणि निळा ब्लेझर नाही.

पण फक्त तीच आहे त्यात.