डंखावर कोण उभं आहे?

दर वर्षी 8 मार्च येतो तेव्हा मिरचीचा हंगाम ऐन भरात असतो. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगीची पोती उतरत असतात आणि त्याच आठवड्यात सत्काराची आमंत्रणं येतात. 'तुमच्याकडे सगळ्या महिलाच कामाला, केवढं कौतुक!' कौतुक मलाही आहे, पण ते नेमकं कशाचं, हे सांगायला हवं. कांदा-लसूण मसाल्याच्या धंद्यात बायका कामाला असणं ही बातमीच नाही. मिरचीचे देठ बायकाच काढत आल्या, खोबरं त्यांनीच किसलं, कांदा त्यांनीच परतला. बातमी असलीच तर ती तीन जागांवर असते: डंखावर, वजनकाट्यावर आणि मिरचीच्या खरेदीत. कित्येक 'महिला उद्योगां'त या तिन्ही जागी पुरुष असतो, फक्त फलकावरच्या फोटोत तो नसतो. आमच्या छोट्या कारखान्यात या तिन्ही जागी बायका आहेत, आणि माझ्या लेखी साजरं करण्याजोगं एवढंच आहे.

डंखाचंच बघा. मोटरवर उचलली जाणारी लोखंडी मुसळं उखळात आपटत राहतात आणि मिरची, धणे, खोबरं, लसूण त्यात कुटलं जातं. मोटर सुरू-बंद करायला ताकद लागत नाही. लागते ती पारख. कांद्यात ओल राहिली असेल तर गोळे धरतात. खोबरं नि तीळ तेल सोडू लागले की मसाला मुसळाला चिकटतो. उखळ फार तापलं तर रंग काळवंडतो आणि वास उडतो, म्हणून मध्येच थांबवून मसाला पसरून गार करावा लागतो. हे सगळं बोटांना आणि नाकाला कळतं, आणि ज्यांना ते पिढ्यानपिढ्या कळत होतं त्यांनाच यंत्रापासून लांब ठेवलं गेलं. कारण एकच दिलं जातं: यंत्र धोक्याचं आहे. धोका खराच आहे. पदर पट्ट्यात अडकू शकतो, मसाला वर-खाली करताना हात मुसळाखाली जाऊ शकतो. पण पट्ट्याला जाळी, अंगाला घट्ट बसणारा अंगरखा, लांब दांड्याचा उलथना आणि हाताच्या अंतरावर बंद करायचं बटण, एवढ्यानं तो बराच कमी होतो. शिवाय तो धोका पुरुषालाही तितकाच असतो. यंत्र धोक्याचं असेल तर ते सुरक्षित करायचं. माणूस बदलून धोका जात नाही, फक्त जास्त पगाराची जागा बाईच्या हातून जाते.

पगाराचा खरा घोळ देठाच्या दरात आहे. या धंद्यात डंखावरच्या माणसाला सहसा महिन्याचा पगार असतो आणि देठ काढणारीला किलोमागे पैसे. समजा दर किलोला 10 रुपये आहे आणि एका बाईचे दिवसात 25 किलो होतात, म्हणजे 250 रुपये. आता त्याच मापाची पण ओलसर मिरची आली. ओला देठ चिवट होतो, कट्‌कन तुटत नाही, वळतो. तेवढ्याच वेळात 18 किलो झाले तर 180 रुपये. उलट मिरची फार वाळलेली असली तर ती हातात फुटते, बिया सांडतात, ठसका आणि जळजळ वाढते. दोन्ही वेळा चूक खरेदीची असते आणि तोटा मात्र देठ काढणारीचा. त्यात वजन देठ काढल्यावर होत असेल, तर टोपलीत पडलेल्या देठांइतके पैसे अजून कमी. दर तोच ठेवून मजुरी कापायची इतकी बिनबोभाट पद्धत दुसरी नसेल. म्हणून आमच्याकडे देठ, भाजणी, डंख आणि काटा या सगळ्यांना एकच मासिक पगार आहे आणि कामं आळीपाळीनं बदलतात. किलोची घाई नसली तर बायका सावकाश बसतील, असं मला सांगितलं जातं. थोडं सावकाश होतंही. पण घाईत राहिलेले देठ मसाल्यात कुटले गेले की रंग फिका पडतो आणि दाताखाली चोथा येतो. तो माल परत येण्यापेक्षा सावकाश काम परवडतं.

'बायकांना पोती उचलत नाहीत,' हा दुसरा आक्षेप. भरलं पोतं पुरुषाच्याही कमरेला जड असतं, याबद्दल कुणी बोलत नाही. पोत्यात किती किलो भरायचे हे निसर्गानं ठरवलेलं नाही. खरेदी करणारी स्वतः बाजारात उभी असेल तर ती 20 किलोची भरती मागते, आणि गाडी उतरवायला ढकलगाडी पुरते. तिसरा आक्षेप रजांचा. सण, मुलांच्या परीक्षा, सुगी. पण या रजा कॅलेंडरवर आधी दिसतात. प्रत्येक काम किमान दोघींना येत असेल तर कुणाच्या रजेनं डंख थांबत नाही. जिथं एकाच 'मेकॅनिक'वर सगळं अवलंबून असतं तिथं तो आजारी पडला की अख्खं दुकान बंद राहतं. चौथा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो: फक्त बायकाच घेणं हाही भेदभाव नाही का? आहे. देठ काढायला एखादा पुरुष त्याच पगारावर, त्याच पाळीत यायला तयार असेल तर त्याला नाकारण्याचं कारण माझ्याकडे नाही. या धंद्यात डंखापासून बायका दूर ठेवल्या जातात तोवर ही झुकती बाजू मला योग्य वाटते, कायमचं तत्त्व म्हणून नाही.

कौतुकाची मर्यादाही सांगायला हवी. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथं काम करणारी प्रत्येक बहीण संस्थेची भागीदार असते, नफ्या-तोट्यात तिचा वाटा असतो. माझ्याकडे तसं नाही. मी मालक आहे, त्या पगारदार आहेत, आणि हा फरक 'आमचं कुटुंब' म्हणून झाकणं मला पटत नाही. उलट पगारदार आहेत म्हणून कायदा काय देतो ते पाहावं लागतं. 26 आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा, ईएसआय आणि कामाच्या जागी लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती, या तिन्हींचा उंबरठा साधारण दहा माणसांचा आहे. हजेरीपटावर नऊच नावं ठेवण्याची हुशारी त्यातूनच येते. दहावी बाई घेतल्यानं खर्च वाढतो हे मान्य, पण नवावर थांबून महिला दिनाचा फलक लावू नये. 'सगळ्या बायकाच, मग समिती कशाला?' असंही विचारतात. मिरचीचा व्यापारी, गाडीवाला, वीजमिस्त्री हे सगळे दारात येतातच, आणि त्यांच्याविरुद्धची तक्रारही याच कायद्यात बसते.

खर्च कुठून काढायचा, हा प्रश्न रास्त आहे. एप्रिल-मेमध्ये सगळा मसाला कुटून पावसाळ्यात बायकांना घरी बसवणं स्वस्त पडतं. आम्ही मिरची शीतगृहात ठेवतो आणि वर्षभर थोडी थोडी कुटतो. भाडं पडतं, किलोमागे मसाला थोडा महाग होतो. त्या बदल्यात मसाला ताजा मिळतो आणि ऑगस्टमध्येही पगार होतो. तेव्हा हंगामात वर्षाचा मसाला घ्यायला कुठल्याही महिला उद्योगाच्या दारात गेलात, तर भाव करण्याआधी दोन गोष्टी विचारा: डंखावर कोण असतं, आणि पावसाळ्यात पगार मिळतो का.