शेवटचा हिशेब : 30 आणि 26

पेढीवरील जुना माणूस राजीनामा देतो, तेव्हा त्याचा हिशेब बहुधा एका चिठ्ठीवर होतो. महिन्याचा पगार, थोडी रजा, वर काही रक्कम आणि खाली 'हिशेब चुकता' असा शेरा. देणारा समाधानी असतो, घेणारा संकोचाने सही करतो. काही महिन्यांनी तोच माणूस एखाद्या जाणकाराला चिठ्ठी दाखवतो आणि श्रम विभागाची नोटीस पेढीवर येते. अशा बहुतेक प्रकरणांत लबाडी नसते. पगार, नोटीस, रजा आणि ग्रॅच्युइटी या चार गोष्टींना एकच आकडा आणि एकच भागाकार लावल्याने चूक झालेली असते.

एक उदाहरण घेऊ. सांगलीच्या बाजारात हळद-गुळाची एक पेढी आहे. गोदाम, दुकान आणि कार्यालय मिळून 25 माणसे कामाला आहेत. तेथील जमाखर्च पाहणारे गृहस्थ 10 सप्टेंबर 2016 रोजी कामाला लागले. त्यांनी 9 एप्रिल 2026 रोजी राजीनामा दिला आणि 24 एप्रिलला, शुक्रवारी, शेवटचा दिवस भरला. त्यांचा महिन्याचा एकूण पगार 28,000 रुपये. त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 18,200, घरभाडे भत्ता 6,000 आणि प्रवास भत्ता 3,800. रुजू होताना दिलेल्या नेमणूक पत्रात तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत. सोडण्यापूर्वी एक महिन्याची नोटीस द्यावी. नोटीस अपुरी पडल्यास तेवढ्या दिवसांचे मूळ वेतन व महागाई भत्ता कापला जाईल. शिल्लक अर्जित रजेचे पैसे एकूण पगाराच्या दराने, महिना 30 दिवसांचा धरून मिळतील.

पहिली रक्कम चालू महिन्याच्या पगाराची. एप्रिलचे 24 दिवस भरले; 28,000 ला 30 ने भागून 24 ने गुणले की 22,400 रुपये होतात. हा पगार पुढच्या महिन्याच्या पगारवाटपापर्यंत थांबवता येत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा देणाऱ्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावे लागते. पेढीची सुट्टी रविवारी असल्याने येथे ती मुदत सोमवारी, 27 एप्रिलला संपते. 'माल मोजून, चाव्या ताब्यात घेऊन मग बघू' ही जुनी रीत येथेच अडचणीत आणते. मोजदाद करायची असेल तर ती नोटिशीच्या काळातच उरकून घ्यावी.

दुसरी रक्कम नोटिशीची. राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे 10 एप्रिलपासून 30 दिवस मोजले तर मुदत 9 मे रोजी पुरी होते. गृहस्थांनी 24 एप्रिलपर्यंत 15 दिवस भरले, 15 राहिले. पत्राप्रमाणे 18,200 ला 30 ने भागून 15 ने गुणावे. कपात 9,100 रुपये. हीच कपात एकूण पगारावर केली तर ती 14,000 होते. कोणता आकडा घ्यायचा हे पत्र ठरवते, मालकाची त्या दिवशीची मनःस्थिती नव्हे. पत्रच दिलेले नसेल, किंवा त्यात कपातीचे कलम नसेल, तर केवळ 'आमच्याकडे अशी पद्धत आहे' एवढ्या आधारावर पैसे कापणे टिकत नाही.

येथे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. मुदत कोणी तोडली? राजीनामा हाती पडताच रागाच्या भरात शेठजींनी 'उद्यापासून येऊ नका' असे सांगितले असेल, तर उरलेले दिवस कर्मचाऱ्याने बुडवलेले नाहीत, पेढीने नाकारलेले आहेत. मग कपात तर करता येतच नाही, उलट त्या दिवसांचे वेतन मागितले जाऊ शकते. म्हणून राजीनामा स्वीकारल्याचे चार ओळींचे पत्र द्यावे आणि शेवटचा दिवस कोणता व तो कोणाच्या विनंतीवरून ठरला, हे त्यात लिहावे. या प्रकरणात गृहस्थांनी स्वतःच लवकर मोकळे करण्याची लेखी विनंती केली होती, म्हणून कपात योग्य ठरते.

तिसरी रक्कम रजेची. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, वर्षात 240 दिवस काम केलेल्याला दर 20 दिवसांच्या कामामागे एक दिवस अर्जित रजा पुढच्या वर्षी मिळते आणि ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. वर्षाला 8 दिवसांची किरकोळ रजा वेगळी असते. ती वापरली नाही तर वर्षअखेर संपते, म्हणून ती या हिशेबात आणू नये. आपल्या गृहस्थांची 31 डिसेंबरला 15 दिवस अर्जित रजा शिल्लक होती. 2025 मध्ये ते 280 दिवस कामावर होते, त्याचे 14 दिवस जानेवारीत जमा झाले. फेब्रुवारीत त्यांनी 2 दिवस घेतले. शिल्लक 27. पत्रातील दराने 28,000 ला 30 ने भागून 27 ने गुणले की 25,200 रुपये होतात. अनेक पेढ्यांत रजेची वहीच नसते. मग 'पाडव्याला चार दिवस गेला होता, लग्नसराईत आठ दिवस गेला होता' असा आठवणीवरचा वाद सुरू होतो. वही ठेवण्याची जबाबदारी मालकाची असल्याने, वही नसल्याचा फायदा त्याला सहसा मिळत नाही.

चौथी रक्कम ग्रॅच्युइटीची, आणि सर्वांत जास्त चुका येथेच होतात. मागील बारा महिन्यांत एखाद्या दिवशी जरी दहा माणसे कामावर असली, तरी दुकानाला ग्रॅच्युइटी लागू होते. एकदा लागू झाली की पुढे माणसे कमी झाली म्हणून ती सुटत नाही. सलग पाच वर्षे सेवा झालेल्या माणसाने राजीनामा दिला तरी ती द्यावीच लागते. 'स्वतःहून गेला, म्हणून काही देणे नाही' हा समज निराधार आहे.

प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचे वेतन असा हा हिशेब आहे. पण येथे महिना 30 ने नव्हे, 26 ने भागायचा असतो. कारण सरळ आहे. महिन्याचा पगार चार साप्ताहिक सुट्ट्या वगळून 26 दिवसांच्या कामाचा मोबदला आहे, म्हणून एका दिवसाचे वेतन म्हणजे पगाराचा सव्विसावा भाग. सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ 1980 च्या सुमारास मान्य केला आणि 1987 च्या दुरुस्तीने तो कायद्यातच लिहिला गेला. येथे वेतन म्हणजे शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता. सहा महिन्यांहून अधिक असलेला वर्षाचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात.

गृहस्थांची सेवा 9 वर्षे 7 महिने भरली, म्हणून 10 वर्षे. 18,200 ला 26 ने भागले की रोजचे 700 रुपये, त्याचे 15 दिवस म्हणजे 10,500, आणि 10 वर्षांचे 1,05,000 रुपये. पेढीच्या मुनीमजींनी पहिल्यांदा सवयीने 30 ने भागून 9 वर्षे धरली, तेव्हा आकडा 81,900 आला. म्हणजे 23,100 रुपये कमी पडत होते. त्यातच कोणी सुचवले की भविष्य निर्वाह निधीत नाव 2018 साली चढले, तेथूनच सेवा मोजावी. तसे करता येत नाही. सेवा प्रत्यक्ष कामाला लागल्या दिवसापासून मोजतात. जुनी पगारवही, व्हाउचर किंवा बँकेतील नोंद त्या दिवसाची साक्ष देते.

मूळ वेतन मुद्दाम कमी दाखवून ग्रॅच्युइटी वाचवण्याची युक्तीही आता फारशी चालत नाही. घरभाडे, प्रवास यांसारखे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम नव्या संहितांनुसार वेतनात मिळवली जाते. याच पगारात मूळ वेतन 9,100 आणि भत्ते 18,900 दाखवले असते, तर भत्त्यांतील 4,900 रुपये वेतनात येऊन हिशेब 14,000 वर करावा लागला असता. आपल्या उदाहरणात भत्ते 9,800 म्हणजे निम्म्याहून कमी आहेत, म्हणून 18,200 हाच आकडा राहतो.

आता सगळे एकत्र मांडू. गृहस्थांनी घेतलेल्या उचलीपैकी 6,000 रुपये बाकी आहेत आणि त्यावर त्यांची सही आहे.

पगार 22,400
रजा 25,200
एकूण 47,600
वजा नोटीस 9,100
वजा उचल 6,000
बाकी देणे 32,500
ग्रॅच्युइटी 1,05,000
एकंदर 1,37,500

भविष्य निर्वाह निधी व व्यवसाय कर यांची पगारावरील नेहमीची कपात यातून वेगळी होईल. 31 मार्चला संपलेल्या वर्षाचा बोनसही या गृहस्थांना लागू आहे. तो वाटताना निघून गेलेल्या माणसाचे नाव यादीतून सुटू नये.

या मांडणीत ग्रॅच्युइटी खाली, वेगळी ठेवली आहे, ते हेतुपुरस्सर. नोटीस आणि उचल यांची वजावट पगार व रजेतून केली आहे. ग्रॅच्युइटी रोखण्याची कारणे कायद्यानेच मोजकी ठरवली आहेत. पेढीचे नुकसान केले, हिंसक वर्तन केले किंवा नीतिभ्रष्टतेचा गुन्हा केला, आणि त्यासाठी मालकाने कामावरून काढले, तरच ती कारणे लागू होतात. अपुरी नोटीस त्यांत बसत नाही. समजा उचल 60,000 असती. तेव्हा पगार आणि रजा संपून तूट पडली असती, तरी उरलेली उचल ग्रॅच्युइटीतून परस्पर वळती करणे धोक्याचेच ठरले असते. ग्रॅच्युइटी पूर्ण द्यावी आणि उचलीच्या परतफेडीचा वेगळा लेख करावा, हा सुरक्षित मार्ग.

ग्रॅच्युइटी 30 दिवसांत, म्हणजे येथे 24 मेपर्यंत द्यावी लागते. कर्मचाऱ्याने अर्ज केला नाही तरी रक्कम ठरवण्याचे कर्तव्य मालकाचे असते, आणि उशीर झाला तर सरकारने ठरवलेल्या दराने सरळ व्याज चढते. ती बँकेतून द्यावी, पावती वेगळी घ्यावी आणि पावतीवर वेतन, वर्षे व भागाकार लिहावा. 'सर्व मिळाले, तक्रार नाही' अशा सहीने कमी दिलेली ग्रॅच्युइटी पूर्ण होत नाही, कारण कायद्याने दिलेला हक्क अशा पावतीवर अवलंबून नसतो. या गृहस्थांनी मात्र मांडणी वाचली, 9,100 ची कपात का झाली हे पत्रातील कलमावरून पडताळले, आणि 26 चा भागाकार पाहून दोन्ही पावत्यांवर सही केली.