सबसिडी मे महिन्यात आली, मग मार्चच्या बॅलन्सशीटचं काय?

गेल्या बॅचमध्ये मसाल्याचं युनिट चालवणाऱ्या एका ताईंनी प्रश्न विचारला. "सर, सबसिडी २२ मेला जमा झाली. अकाउंटंट म्हणतो, ३१ मार्चच्या बॅलन्सशीटमध्ये घेता येणार नाही, पैसे पुढच्या वर्षी आले ना. बँकवाले म्हणतात, घ्या, म्हणजे नफा चांगला दिसेल. ऐकायचं कुणाचं?"

माझं मत स्पष्ट आहे, दोघांचंही नाही. अकाउंटंट पैसे कधी आले ते बघतोय आणि बँकेचा माणूस नफा किती दिसतो ते बघतोय. खरा प्रश्न असा आहे, की ३१ मार्चला रात्री तुमचं शटर खाली आलं तेव्हा परिस्थिती काय होती?

हे समजायला दोन नियम एकत्र वाचावे लागतात. आपल्याकडे सरकारी अनुदानासाठी एएस १२ आहे आणि ताळेबंदाच्या तारखेनंतरच्या घटनांसाठी एएस ४. मोठ्या कंपन्यांना इंड एएस २० आणि इंड एएस १० लागतात, आपल्याला आत्ता त्यात शिरायचं नाही. शिकवताना हे दोन धडे वेगवेगळे शिकवले जातात, आणि तिथेच गडबड होते. कारण धंद्यात ते एकाच दिवशी, एकाच पत्रातून येतात.

एएस १२ म्हणतो, अनुदान हिशोबात तेव्हाच घ्या जेव्हा दोन गोष्टींची वाजवी खात्री असेल. एक, तुम्ही योजनेच्या अटी पाळाल. दोन, पैसे मिळतील. यात 'पैसे हातात आले' असं कुठेही नाही. उलट तो असंही सांगतो, की पैसे मिळाले म्हणजे अटी पूर्ण झाल्याच असं समजू नका.

एएस ४ बघतो ३१ मार्चपासून हिशोबाला मंजुरी मिळेपर्यंतचा काळ. कंपनीत ती मंजुरी संचालक मंडळ देतं. प्रोप्रायटर असाल तर तुम्ही स्वतः हिशोब मान्य करून सही करता तो दिवस. या काळात घडलेली गोष्ट ३१ मार्चलाच अस्तित्वात असलेल्या परिस्थितीचा जादा पुरावा देत असेल, तर ती ॲडजस्टिंग, म्हणजे आकडे बदलायचे. परिस्थितीच ३१ मार्चनंतर तयार झाली असेल तर नॉन-ॲडजस्टिंग. तेव्हा आकडे बदलायचे नाहीत. पण गोष्ट मोठी असेल तर हिशोबासोबत जाणाऱ्या अहवालात ती सांगायची. प्रोप्रायटरचा असा अहवाल नसतो, त्याने बँकेला कव्हरिंग लेटरमध्ये लिहावं, असं मी सांगतो. लपवलेलं नंतर कळलं की बँक दुसऱ्यांदा विश्वास ठेवत नाही.

आता ताईंची केस घेऊ. योजना होती पीएमएफएमई, म्हणजे सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची. यात पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के भांडवली सबसिडी मिळते, जास्तीत जास्त १० लाख. पैसे उद्योजकाच्या हातात पडत नाहीत. बँक ते कर्जापोटी राखून ठेवते, आणि तीन वर्षांनी खातं नियमित असेल, युनिट चालू असेल तर कर्जात वळते करते. ताईंचं मशीन ६,००,००० रुपयांचं. सबसिडी २,१०,०००. मशीन १ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. कर्ज मंजूर होऊन वितरित झालेलं, बिलं, फोटो, पाहणी सगळं मार्चच्या आत पूर्ण, बँकेने सबसिडीचा क्लेम पाठवलेला. सबसिडी जमा झाली २२ मे २०२५ ला आणि ताईंनी हिशोबावर सही केली २० जुलैला.

३१ मार्चला परिस्थिती काय होती? मंजुरी होती, मशीन चालू होतं, क्लेममध्ये त्रुटी नव्हती, हप्ते वेळेवर होते. कुणाच्या मर्जीवर अवलंबून असलेलं काही उरलं नव्हतं, फक्त पैसे यायचे होते. मेमध्ये आलेले पैसे हा त्या परिस्थितीचा पुरावा आहे. म्हणून माझ्या मते ही ॲडजस्टिंग घटना आहे, आणि ३१ मार्चला 'सबसिडी येणे' २,१०,००० दाखवायला हवेत. आता कुणी म्हणेल, तीन वर्षांची अट बाकी आहे की! आहे. पण युनिट व्यवस्थित चाललं असेल तर अट पाळली जाईल याची वाजवी खात्री आहे, शंभर टक्के खात्री नियम मागत नाही. एखादा सीए जास्त सावध राहून थांबायचं म्हणाला तर त्याच्याशी मी भांडणार नाही. मात्र त्याचं कारण ती अट असावं. 'मेमध्ये आले' हे कारण नाही.

पण थांबा. घ्यायचं म्हणजे कुठे घ्यायचं? बँकेच्या माणसाला वाटत होतं थेट उत्पन्नात. ही चूक मला सगळ्यात महागात पडणारी वाटते.

ही सबसिडी मशीनसाठी आहे. एएस १२ प्रमाणे ती मशीनच्या किमतीतून वजा करता येते, किंवा पुढे ढकललेलं उत्पन्न म्हणून बाजूला ठेवून मशीनच्या आयुष्यभर थोडी थोडी नफ्यात आणता येते. ताईंनी पहिला मार्ग घेतला. मशीन ३,९०,००० ला. आयुष्य दहा वर्षं धरलं तर घसारा वर्षाला ३९,०००, पहिल्या सहा महिन्यांचा १९,५००. घसाऱ्याआधीचा नफा होता १,५०,०००, म्हणजे खरा नफा १,३०,५००. पुढच्या वर्षी धंदा तसाच राहिला तर नफा १,११,०००.

आता बँकेच्या सल्ल्याने काय झालं असतं ते बघा. मशीन ६,००,००० ला, सहा महिन्यांचा घसारा ३०,०००, आणि २,१०,००० सरळ उत्पन्नात. पहिल्या वर्षी नफा ३,३०,०००. बँक खूष, कॅश क्रेडिटची मर्यादा कदाचित वाढलीही असती. पण पुढच्या वर्षी धंदा तितकाच करून नफा ९०,०००. मग तोच अधिकारी किंवा त्याच्या जागी आलेला नवा विचारणार, "ताई, नफा एकदम का पडला?" धंदा पडलाच नव्हता, तो फक्त एक वर्ष फुगलेला दिसला होता. मी स्वतः माझ्या दुकानाचे आकडे एकदा बँकेसमोर असे फुगवून बसलोय, दुसऱ्या वर्षी रिन्यूअलला घाम फुटला होता. त्यामुळे हे पुस्तकातलं बोलत नाही.

(आयकराचा हिशोब वेगळ्या नियमांनी चालतो, तिथे अनुदानाची नोंद प्रत्यक्ष पैसे मिळाल्याच्या तारखेपुढे ढकलता येत नाही. तो भाग तुमच्या सीएंकडून करून घ्या, बॅलन्सशीटचं उत्तर तिथे जसंच्या तसं चिकटवू नका.)

आता हीच केस थोडी बदलू. प्रत्येक वेळी आधी स्वतः उत्तर द्या, मग पुढे वाचा.

समजा ३१ मार्चला फक्त अर्ज गेलेला होता, समितीसमोर यायचा होता, नाकारलाही जाऊ शकला असता. मंजुरी ५ एप्रिलला आली. आता? नॉन-ॲडजस्टिंग. मंजुरी हा निर्णय आहे आणि तो ५ एप्रिलला झाला. त्याआधी तुमच्याकडे आशा होती, हक्क नव्हता. तारखा पहिल्या केससारख्याच दिसतात, उत्तर मात्र उलटं. म्हणून "एप्रिल-मेमधलं सगळं पुढच्या वर्षी" हे पाठ केलेलं सूत्र मी शिकवत नाही.

समजा जानेवारीत पुराचं पाणी दुकानात शिरलं, नुकसान त्याच वर्षी लिहिलं, आणि सरकारने मदत जाहीर केली मेमध्ये. इथे बरेच जण फसतात. नुकसान जुन्या वर्षाचं, म्हणून मदतही जुन्या वर्षात घेतात. पण ३१ मार्चला मदतीची योजनाच नव्हती. येणं तयार झालं मेमध्ये, उत्पन्न नव्या वर्षाचं. आता पूर जानेवारीऐवजी एप्रिलमध्ये आला असता तर नुकसानही नव्या वर्षाचं, जुन्या वर्षाचा माल जसा होता तसाच राहतो.

आणि उलटी बाजू, जी कुणालाच आवडत नाही. वेगळ्या युनिटची सबसिडी दोन वर्षांपूर्वी आली. मालकाने जानेवारीतच युनिट बंद केलं. मेमध्ये पाहणी झाली आणि जूनमध्ये पत्र आलं की अट मोडली, सबसिडी परत जाणार. मालक म्हणतो, पत्र जूनचं, पुढच्या वर्षी बघू. नाही चालत. अट जानेवारीत मोडली. जूनच्या पत्राने फक्त ते सांगितलं. ॲडजस्टिंग. सबसिडीची जमा काढायची, मशीनची किंमत परत तेवढ्याने वाढवायची, आणि बंद पडलेल्या मशीनला ती किंमत खरोखर येईल का हेही तपासायचं.

हेच युनिट मार्चअखेर व्यवस्थित चालू होतं आणि मालकाने मेमध्ये ते बंद केलं, तर अट मोडली मेमध्ये. सबसिडी परत करण्याची जबाबदारी नव्या वर्षाची, म्हणजे नॉन-ॲडजस्टिंग. पण इथे एक अपवाद आहे. ते युनिट म्हणजेच त्याचा पूर्ण धंदा असेल, आणि सही करायच्या आधीच ठरलं असेल की धंदा पुढे चालणार नाही, तर 'धंदा चालू राहील' हे गृहीतच कोसळतं. मग एएस ४ प्रमाणे मार्चचे आकडेही त्या नजरेने पुन्हा मांडावे लागतात, घटना एप्रिलनंतरची असली तरी.

ताईंच्या फाईलमध्ये आम्ही शेवटी एक साधा कागद लावला. मंजुरीची तारीख, मशीन सुरू झाल्याची तारीख, क्लेम गेल्याची तारीख, पैसे आल्याची तारीख आणि सहीची तारीख, एकाखाली एक. मधोमध ३१ मार्चची लाल रेघ. अकाउंटंटने तो पाहिला, दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, "पैसे सोडून बाकी सगळं रेघेच्या वर आहे की." मग त्यानेच 'सबसिडी येणे'ची नोंद टाकली.