फ्लॅट आपला, कराचं बिल दुसऱ्याच्या नावावर



पोस्ट मोठी आहे, पण ज्यांनी गेल्या काही वर्षांत पुण्यात फ्लॅट घेतलाय त्यांनी शेवटपर्यंत वाचा. परवा शनिवारी मराठी शाळा सुटेपर्यंत पार्किंगमध्ये आम्ही चार आया गप्पा मारत होतो. चौघींचे पुण्यात फ्लॅट आहेत. मी सहज विचारलं, "महापालिकेच्या मिळकत कराच्या बिलावर नाव कोणाचं आहे?" एकीच्या बिलावर बिल्डरचं होतं, एकीच्या बिलावर आधीच्या मालकाचं, आणि तिसरीने बिल कधी पाहिलंच नव्हतं. चौथी मी. मी सीए आहे, आयुष्यभर लोकांचे कागद तपासले, आणि माझ्या स्वतःच्या बिलावर दोन वर्षं आधीच्या मालकाचं नाव होतं.

झालं असं. कोथरूडला रिसेलचा फ्लॅट घेतला. तीन आठवड्यांच्या सुट्टीत दस्त नोंदवला, इंडेक्स टू हातात आली, किल्ली नणंदेकडे दिली आणि आम्ही अल्फारेटाला परत. विकणाऱ्या काकांनी त्या वर्षीच्या कराची पावती दाखवली होती, त्यामुळे मी निर्धास्त. पुढची बिलं त्यांच्या नावाने निघत राहिली आणि मेसेज त्यांच्या मोबाइलवर जात राहिले. ते मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेले होते. नणंदेला वाटलं कर सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये येतो, मला वाटलं ती भरतेय. दोन वर्षांनी सोसायटीच्या सेक्रेटरींनी थकबाकीची नोटीस फोटो काढून पाठवली तेव्हा उलगडा झाला.

पुण्यात थकलेल्या करावर महिन्याला दोन टक्के दंड लागतो. सहामाही हप्ता ८,००० रुपये धरा. महिन्याला १६० रुपये, आणि तो एकच हप्ता २४ महिने राहिला तर ३,८४० रुपये नुसता दंड. वर्षाला असे दोन हप्ते. रक्कम डॉलरमध्ये फार वाटणार नाही, पण कराचा बोजा मिळकतीवर पहिला असतो. म्हणजे थकबाकी माणसाच्या मागे न जाता फ्लॅटला चिकटून राहते, आणि फ्लॅट आता आपला असतो.

आपली गल्लत कुठे होते ते सांगते. इथे जॉर्जियात घर घेतलं की क्लोझिंगला वकील पीटी-६१ फॉर्म भरतो, डीड काउंटीच्या सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडे नोंदवली जाते आणि कराच्या यादीत आपलं नाव आपोआप चढतं. आपण फक्त होमस्टेडची सवलत १ एप्रिलच्या आत मागायची असते. त्या सवयीने आपण धरून चालतो की पुण्यातही दस्त नोंदवला की पालिकेला कळलं. तसं धरू नका. दुय्यम निबंधकाचं कार्यालय राज्य सरकारचं, मिळकत कराचं रजिस्टर महापालिकेचं. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि लाइट बिल तर आणखी वेगळी खाती. एकात नाव बदललं म्हणून दुसऱ्यात बदललंच असेल असं नाही.

कायदा यात स्पष्ट आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कर नियमांप्रमाणे मिळकत हस्तांतरित झाली की विकणारा आणि घेणारा दोघांनीही तीन महिन्यांच्या आत आयुक्तांना लेखी कळवायचं असतं. दस्त नोंदवला असेल तर मुदत नोंदणीपासून मोजायची. विकणाऱ्याने कळवलं नाही तर त्याची कराची जबाबदारी सुटत नाही, आणि त्यामुळे घेणाऱ्याचीही कमी होत नाही. मुंबईचा कायदा वेगळा आहे, पण कळवण्याचं बंधन तिथेही आहे.

"कर तर आम्ही ऑनलाइन भरतोच ना, नावाची काय घाई?" हे मी खूप ऐकते. त्यात निम्मं खरं आहे. कराच्या बिलावरचं नाव हा मालकीचा पुरावा नाही, न्यायालयांनी हे वारंवार सांगितलंय. मालकी तुमच्या नोंदलेल्या दस्ताने ठरते, त्यामुळे जुनं नाव राहिलं म्हणून फ्लॅट जात नाही. घाबरू नका. पण नोटीस त्या नावाने निघते, सवलतीचा अर्ज मालकाने करायचा असतो, आणि उद्या फ्लॅट विकायला काढलात की घेणाऱ्याचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो. शिवाय दरवर्षी अर्ज अवघड होत जातो, कारण विकणारा म्हातारा होतो, गाव सोडतो, कधी जातो, आणि मग त्याची सही आणायची कुठून?

म्हणून माझं ठाम मत आहे की दस्त नोंदवायच्या दिवशीच नाव बदलण्याच्या अर्जावर विकणाऱ्याची सही घ्या. त्या दिवशी तो समोर असतो, आणि शेवटचा चेक अजून तुमच्या हातात असतो. मी हे केलं नाही. नंतर काकांची सही मिळवायला माझ्या भावाला दोन चकरा माराव्या लागल्या.

अर्ज कर आकारणी व कर संकलन विभागाकडे करायचा. सोबत इंडेक्स टू, नोंदलेल्या कराराची प्रत आणि चालू वर्षापर्यंतची कर भरल्याची पावती द्यायची. आधी थकबाकी पूर्ण भरा, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो. अर्जावर मिळकत क्रमांक नीट लिहा, आणि जमा केल्याचा शिक्का मारलेली प्रत परत घ्या. तुमच्या वतीने कोणी जाणार असेल तर त्यांच्या नावाचं अधिकारपत्र लागेल. इथून कुलमुखत्यारपत्र पाठवायचं झालं तर नोटरी करून जॉर्जियाचं अपॉस्टिल घ्या, आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत तिथे मुद्रांक शुल्क भरा. ही मुदत बरेच जण विसरतात.

"झालं काम" असा निरोप आला की थांबू नका. मिळकत क्रमांक टाकून बिल स्वतः उघडा. आमच्या पहिल्या बिलावर फक्त नवऱ्याचं नाव आलं होतं, मी गायब! करारात दोघं असू तर रजिस्टरलाही दोघं हवेत. नावाचं स्पेलिंग, पत्रव्यवहाराचा पत्ता, मोबाइल आणि ईमेलही तपासा.

आणखी एक. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला चाळीस टक्के सवलत आहे. ती मध्यंतरी बंद होती, २०२३ मध्ये परत आली. तिच्यासाठी पीटी-३ हा वेगळा अर्ज आहे, नाव बदललं म्हणून ती मिळत नाही. आणि फ्लॅट भाड्याने दिला असेल किंवा आमच्यासारखा कुलूप लावून ठेवला असेल तर ती मागू नका.

शेवटी, मुलांसाठी. मालक वारला तर वारसांनी एक वर्षाच्या आत पालिकेला कळवायचं असतं. आपल्या मुलांना मराठी बिल अडखळत वाचता येतं. त्यांना वारसाची एक नोंद करावी लागेल हे ठीक. पण त्याआधी कोण्या अनोळखी काकांच्या नावावरून आईबाबांच्या नावावर, अशी आपली राहिलेली नोंद त्यांनी का करावी?

आज रात्री मुलं झोपली की बिल उघडून बघा. नाव कोणाचं निघालं ते खाली लिहा. माझं दोन वर्षं चुकलेलं होतं, त्यामुळे इथे कोणी हसणार नाही.