बूट उलटा करून पाहा

फुटबॉल खेळणारी मुले बुटांना बूट म्हणत नाहीत, सरळ ‘स्टड’ म्हणतात. ‘अब्बा, नवे स्टड हवेत,’ एवढीच मागणी असते. दुकानात गेल्यावर मात्र सगळ्यांचे लक्ष रंगाकडे आणि कंपनीच्या नावाकडे जाते. ज्यावरून या बुटांना हे नाव पडले, ते तळाचे खुंट कोणी नीट पाहत नाही. पायाला आराम मिळणार की इजा होणार, हे मात्र बरेचसे त्या खुंटांवरच ठरते.

स्टडला दोन कामे असतात. धावताना आणि थांबताना त्याने जमिनीत रुतून पाय घट्ट धरायचा असतो. खेळाडू वळला की त्याच स्टडने जमीन सोडायची असते. रुतलाच नाही तर पाय घसरतो. रुतला आणि सुटला नाही, तर बूट जागच्या जागी राहतो आणि वरचे शरीर वळते. तो पीळ मग घोट्यावर किंवा गुडघ्यावर येतो. म्हणून कोणता स्टड चांगला, असे विचारण्यापेक्षा तो कोणत्या जमिनीवर चालायचा आहे, हे आधी पाहावे.

बुटाच्या खोक्यावर किंवा आतल्या पट्टीवर दोन अक्षरे छापलेली असतात. आपल्याकडच्या दुकानांत सर्वांत जास्त मिळतो तो ‘एफजी’, म्हणजे फर्म ग्राउंडचा बूट. ‘फर्म’ म्हणजे टणक, तेव्हा आपल्या टणक मैदानाला हाच योग्य, असा बहुतेकांचा समज होतो. नेमकी इथेच गफलत आहे. इथे ‘फर्म’ म्हणजे नैसर्गिक हिरवळीचे, खाली किंचित ओल असलेले मैदान. एफजीच्या तळाला साधारण दहा ते चौदा कडक प्लास्टिकचे स्टड असतात आणि ते त्या हिरवळीत रुततील, असे धरूनच बनवलेले असतात.

उन्हाळ्यातल्या लाल मातीच्या किंवा मुरमाच्या मैदानात ते रुतत नाहीत. मग मुलगा त्या दहा-बारा टोकांवर उभा राहून धावतो. सगळे वजन त्या टोकांवर येते आणि तळव्याला टोचत राहते. आठ ते चौदा वर्षांच्या मुलांच्या टाचेचे हाड अजून वाढत असते, त्यामुळे त्यांची टाच लवकर दुखू लागते. खेळून आल्यावर मोजे काढून तळवा पाहावा. स्टडच्या जागी लाल ठिपके उमटले असतील, तर जमीन आणि बूट यांचे जुळत नाही, असे समजावे.

अशा जमिनीसाठी ‘टीएफ’ म्हणजे टर्फचे बूट बरे. त्यांच्या तळाला रबराचे अनेक छोटे दाणे असतात. वजन सगळीकडे वाटले जाते आणि टोचत नाही. काही कंपन्या ‘एचजी’, म्हणजे हार्ड ग्राउंडचे बूटही बनवतात. त्यांत स्टड आखूड आणि संख्येने जास्त असतात.

भाड्याने मिळणाऱ्या कृत्रिम टर्फची गोष्ट वेगळी. तिथले प्लास्टिकचे गवत मातीसारखे तुटत नाही. खऱ्या हिरवळीत स्टडवर जोर आला की मातीचे ढेकूळ उखडते आणि पाय सुटतो. टर्फवर लांब स्टड पात्यांत अडकला की सुटायला अवघड जाते. त्यातही चपट्या, पात्यासारख्या स्टडपेक्षा गोल, शंकूच्या आकाराचे स्टड वळताना सहज फिरतात. म्हणूनच ‘एजी’, म्हणजे आर्टिफिशियल ग्राउंडच्या बुटांत स्टड आखूड, बहुधा गोल, काही वेळा आतून पोकळ आणि एफजीपेक्षा संख्येने जास्त असतात. गवत बोटभर उंच आणि आत रबराचे काळे कण भरलेले असतील, तर एजी घ्यावा. गवत आखूड, झिजलेले, सतरंजीसारखे असेल, तर टीएफ पुरे. एफजी बूट टर्फवर वापरून फाटले तर अनेक कंपन्या बदलून देत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

राहिली ओली, मऊ जमीन. १९५४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना बर्न शहरात भर पावसात झाला. पश्चिम जर्मनीच्या बुटांना फिरकीने बदलता येणारे स्टड होते, म्हणून त्यांना चिखलासाठी लांब स्टड लावता आले. हंगेरीविरुद्धचा तो सामना जर्मनीने ३-२ असा जिंकला. आजचे ‘एसजी’ म्हणजे सॉफ्ट ग्राउंडचे बूट त्याच जातीचे. त्यांना बहुधा धातूचे सहा स्टड असतात, चार पुढे आणि दोन टाचेखाली. काहींत त्यांच्या जोडीला प्लास्टिकचे आखूड स्टडही असतात. संख्या कमी ठेवण्याचे कारण सोपे आहे. मधे मोकळी जागा राहिली की चिखल अडकून बसत नाही. टीएफचे दाणे चिखलाने भरले की तळ गुळगुळीत होतो आणि पाय घसरतो.

तरी पावसाळा आला म्हणून एसजी घ्यायची घाई नको. मऊ मैदान म्हणजे खोलवर भिजलेली हिरवळ. मुरमाच्या मैदानात बरेचदा वर इंचभर चिखल असतो आणि खाली तोच दगडासारखा थर. धातूचा स्टड चिखल पार करून त्या थरावर टेकतो आणि पुन्हा टोचणे सुरू होते. एक सोपी परीक्षा आहे. घराची किल्ली जमिनीत अंगठ्याने दाबून पाहावी. अजिबात शिरली नाही तर जमीन कठीण. जोर लावून थोडी शिरली तर एफजी चालेल. लोण्यासारखी पूर्ण आत गेली, तरच एसजीचा विचार करावा.

आता एका घरचा हिशेब मांडू. मुलगा तेरा वर्षांचा. आठवड्यातून दोनदा अस्रनंतर मित्रांबरोबर आखूड गवताच्या टर्फवर खेळतो, रविवारी शाळेच्या मुरमाच्या मैदानात. जुलैमध्ये शाळेची एक स्पर्धा असते. मोठ्या चुलतभावाचे एफजी बूट त्याला मिळाले आहेत आणि टाच दुखते म्हणतो. घरात एकाच जोडीचे पैसे आहेत. अशा वेळी टीएफ घ्यावा. आठवड्याचे तिन्ही दिवस तो उपयोगी पडतो. चुलतभावाचे एफजी टाकून देऊ नयेत. मापात बसत असतील आणि त्यांचे स्टड गोल असतील, तर जुलैच्या चिखलासाठी तेच ठेवावेत. एसजीवर खर्च करू नये. टर्फवर धातूचे स्टड घालून बहुतेक ठिकाणी आतही सोडत नाहीत. बूट बदलूनही टाच दुखत राहिली किंवा मुलगा लंगडू लागला, तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी मापाचे. वाढत्या वयाचा म्हणून दोन नंबर मोठा बूट घेण्याची आपल्याकडे रीत आहे. चपलेत ते खपते, स्टडमध्ये नाही. पाय आत सरकला की पुढचे स्टड चवड्याखाली राहत नाहीत आणि वळताना बूट एकीकडे, पाय दुसरीकडे जातो. खेळताना घालतो तेच जाड मोजे घालून, दिवस मावळताना, पाय थोडे फुगलेले असताना माप घ्यावे. अंगठ्यापुढे साधारण अर्ध्या बोटाची जागा पुरे. मग बूट हातात घेऊन वाकवावा. तो जिथे बोटे दुमडतात तिथे वाकायला हवा. मधोमध वाकत असेल, तर तो परत ठेवून दुसरा मागावा.