ब्रह्मचाऱ्याचं काय करायचं?

'सर्व ब्रह्मचारी अविवाहित असतात.' तर्कशास्त्र मराठीतून शिकवताना विश्लेषक विधानाचा नमुना म्हणून हे वाक्य अजूनही पुढे केलं जातं, आणि अनुवादक म्हणून मला त्याचा राग येतो. इंग्रजी 'बॅचलर'चा अर्थच लग्न न झालेला पुरुष असा आहे, म्हणून मूळ वाक्य तपासायला कुणाच्या घरी चौकशी करावी लागत नाही. ब्रह्मचारी हा मात्र व्रताचा शब्द. गांधींनी १९०६ साली ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं तेव्हा कस्तुरबा त्यांच्या पत्नी होत्या, पुढेही राहिल्या. म्हणजे मराठीत आलेलं वाक्य केवळ अर्थाच्या बळावर खरं असणं दूरच, ते चक्क खोटं आहे. 'अविवाहित पुरुष अविवाहित असतात' असं दुरुस्त केलं, तर दोन शब्दांमागे एकच अर्थ असण्यातली गंमत जाते आणि नुसती पुनरुक्ती उरते.

हा किरकोळ भाषांतरदोष नव्हे. विश्लेषक असणं हा वाक्यातल्या शब्दांचा गुण आहे, आणि शब्द बदलले की तो जाऊ शकतो. हिंदीत जिथे ताऊ आणि चाचा हा भेद पाळतात, तिथे 'चाचा वडिलांपेक्षा लहान असतो' हे शब्दार्थानेच खरं असतं. तेच मराठीत लिहा: 'काका वडिलांपेक्षा लहान असतो.' आता हे विधान संश्लेषक झालं, कारण 'काका' हा शब्द वयाबद्दल काहीच सांगत नाही. आपल्याला जन्मतारखा विचाराव्या लागतील, आणि पुष्कळ घरांत उत्तर 'नाही' असं येईल. (कादंबरीत असं वाक्य आलं की मी 'धाकटे काका' लिहिते. एक विशेषण वाढतं, पण वाक्याची जात टिकते.)

यावर एक नेहमीचा आक्षेप असतो: चाचा म्हणजे काय हेही मूल अनुभवानेच शिकतं ना? शिकतं. पण शब्द कळण्यासाठी अनुभव लागणं वेगळं आणि शब्द कळल्यावर विधान खरं ठरवायला अनुभव लागणं वेगळं. आपला प्रश्न दुसरा आहे.

माझं खरं भांडण पुढच्या घोटाळ्याशी आहे. विश्लेषक म्हणजेच प्रागनुभविक, संश्लेषक म्हणजेच आनुभविक, आणि गणित पहिल्या खणात, असं दोन खणांचं कपाट चर्चासत्रांतून सर्रास मांडलं जातं. पण विधान कशामुळे खरं आहे हा एक प्रश्न, आणि आपल्याला ते कशाच्या आधारे कळतं हा दुसरा.

७ + ५ = १२ घ्या. कांट म्हणाला, सात आणि पाच एकत्र करायचे एवढ्या विचारात बारा सापडत नाही. बोटं किंवा ठिपके मोजत पुढे जावं लागतं. म्हणून हे विधान संश्लेषक, आणि तरीही प्रागनुभविक. फ्रेगेने १८८४ साली उलट बाजू मांडली: अंकगणित तर्काचे नियम आणि व्याख्या यांतूनच निघतं, म्हणजे ते विश्लेषक आहे. अनुभवाचा दाखला लागत नाही, यावर दोघांचंही एकमत. एका प्रश्नावर सहमती आणि दुसऱ्यावर वाद होऊ शकतो, तर ते प्रश्न एक कसे?

वाद नेमका कुठे आहे तेही पाहू. ५ म्हणजे ४ + १ ही व्याख्या. म्हणून ७ + ५ म्हणजे ७ + (४ + १), आणि ते (७ + ४) + १. असंच उलगडत गेलं की बारा येतात. पण कंस हलवला तो कोणत्या अधिकाराने? पाचाच्या व्याख्येत ती परवानगी नाही. लायब्निट्सने २ + २ = ४ सिद्ध करताना हीच पायरी न सांगता ओलांडली, हे फ्रेगेनेच दाखवलं. तो नियम बेरजेच्या व्याख्येतच आहे असं म्हणा, तुम्ही फ्रेगेकडे. नाही म्हणा, तर कांटला अजून जागा आहे.

प्रागनुभविक असण्याची खूण स्वयंपाकघरात दिसते. एक वाटी शेंगदाणे आणि एक वाटी साखर मिसळा. दोन वाट्या भरत नाहीत, कारण साखर दाण्यांमधल्या फटींत जाते. म्हणून १ + १ = २ खोटं ठरलं असं कुणी म्हणत नाही. वाटीने मोजलेल्या गोष्टी मिसळल्या की आकारमान तेवढंच राहत नाही, असं आपण म्हणतो. अनुभव विरोधात गेला तेव्हा आपण मोजमापाची समजूत बदलली, बेरीज नाही. काकांची जन्मतारीख विरोधात गेली असती तर विधानच सोडलं असतं.

क्वाइनने १९५१ साली हा विश्लेषक-संश्लेषक भेदच नाकारला: समानार्थ म्हणजे काय हे विश्लेषकतेचा आधार घेतल्याशिवाय सांगता येत नाही, असं त्याचं म्हणणं. हे वर्तुळ मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. 'माझा चाचा वडिलांपेक्षा मोठा आहे' असं हिंदी भाषक म्हणाला, तर मी 'तू कोणाला चाचा म्हणतोस?' असं विचारते. 'माझे काका वडिलांपेक्षा मोठे आहेत' असं मराठी माणूस म्हणाला, तर 'किती वर्षांनी?'