बर्फ नव्हे, तास मोजा

जानेवारी कोरडा गेला की हिमाचल प्रदेशातल्या सफरचंदवाल्यांच्या पोटात गोळा येतो. 2024 चा जानेवारी असाच जवळपास विनाबर्फाचा गेला. तिथले बागाईतदार बर्फाला ‘सफेद खत’ म्हणतात, आणि ते खोटे नाही. हळूहळू वितळणाऱ्या बर्फाचे पाणी उतारावरच्या जमिनीत जसे मुरते तसे पावसाचे मुरत नाही. पण झाड बर्फ मोजत नाही. ते थंडीचे तास मोजते. पारा शून्याच्या खूप खाली गेला तर त्या तासांचा या हिशेबात काहीच उपयोग नसतो. कामाची थंडी साधारण 0 ते 7 अंशांमधली, शेगडी पेटवावी लागेल पण नळ गोठणार नाही अशी. हिमाचलातल्या ‘रॉयल डिलिशस’ला अशी थंडी हजार ते बाराशे तास लागते. सॅम्युअल स्टोक्स यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतून कोटगढला आणलेल्या डिलिशस घराण्यातलीच ही जात. तिथल्या बागा आजही मुख्यतः याच घराण्यावर उभ्या आहेत.

झाडाला थंडी लागते तरी कशाला? कोकणातल्या हापूसलाही मोहोरासाठी थंड रात्री लागतात, पण तिथे थंडी मोहोर धरायला लावते. सफरचंदाच्या कळ्या आधीच्या उन्हाळ्यातच तयार होऊन डोळ्यात बसलेल्या असतात. हिवाळ्याआधी पाने गळतात आणि झाड स्वतःला कुलूप लावून घेते. त्यानंतर बाहेर चार दिवस ऊन पडले तरी डोळा फुटत नाही, आणि ते झाडाच्या हिताचेच असते. डिसेंबरात फुटलेली कळी जानेवारीत मेलीच म्हणायची. हे कुलूप फक्त थंडीने, तेही पुरेशा थंडीने उघडते. याचा पडताळा घरबसल्या घेता येतो. डिसेंबरात छाटलेली फांदी उबदार खोलीत पाण्यात ठेवली तर ती आठवडेच्या आठवडे तशीच राहते. थंडीचा कोटा पुरा झाल्यावर छाटलेली फांदी त्याच खोलीत दोन-तीन आठवड्यांत फुटते. फुटली नाही, तर बागेत थंडी अजून कमी पडली आहे असे समजावे.

आता हिशेब पाहू. एखाद्या बागेत संध्याकाळी सातला पारा 7 अंशांखाली जातो आणि सकाळी नऊला वर येतो. म्हणजे रोजचे 14 तास. डिसेंबर ते फेब्रुवारी या 90 दिवसांत 1,260 तास झाले, रॉयलचे भागले. हिवाळा किंचित ऊबदार झाला, पारा रात्री नऊला उतरला आणि सकाळी सातलाच चढला, तर उरतात 10 तास. 90 दिवसांचे 900. कागदावर सरासरी तापमान एखाद-दुसऱ्या अंशानेच वाढलेले दिसेल, पण झाडाच्या खात्यात 360 तासांची तूट आली. त्यात दुपार फार तापली तर जमा झालेलेही जाते. 1974 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात तयार झालेली मोजणी 18 अंशांच्या वरच्या प्रत्येक तासाला जमेतला एक तास कापते. त्यामुळे रात्रीचा गारठा पाहून ‘थंडी तर भरपूर पडली’ असे म्हणणारा माणूस फसू शकतो.

तूट आलेली बाग एप्रिलमध्ये ओळखू येते. फांदीच्या टोकाचा डोळा फुटलेला असतो, खालचे बाजूचे डोळे मिटलेलेच राहतात आणि मधली फांदी उघडी-बोडकी दिसते. एका झाडावर पाकळ्या गळत असतात आणि शेजारच्या झाडावर कळ्या नुकत्या गुलाबी होत असतात. एरवी आठ-दहा दिवसांत उरकणारा फुलोरा तीन आठवडे रेंगाळतो. हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. रॉयलचे फूल स्वतःच्या परागाने फळत नाही. त्यासाठी बागेत ‘गोल्डन डिलिशस’ किंवा ‘रेड गोल्ड’ची झाडे ठेवतात आणि मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतात. प्रत्येक जातीची थंडीची भूक वेगळी असल्याने तुटीच्या वर्षी त्यांच्या तारखा चुकतात. गोल्डन फुलून जाते, रॉयल मागे राहते, माश्या येतात आणि रिकाम्या परततात. जी फळे धरतात ती वेगवेगळ्या वयाची असल्याने फवारणी आणि तोडणी यांचे वेळापत्रकही कोलमडते.

‘गरम हवेने फुले लवकर येतात’ असे आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. हिवाळा गरम झाला तर फुलोरा लांबतो. मात्र थंडीचा कोटा भरल्यावर फेब्रुवारी-मार्च तापला तर तोच फुलोरा घाईने येतो. देशातला मार्च 2022 हा 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च होता. अशा घाईने उमललेल्या फुलांवर एप्रिलमध्ये दव गोठले तर उणे 2 अंशांवर दहातले एक फूल मरते आणि उणे 4 च्या आसपास दहातली नऊ. एकाच बागेला एका वर्षी पहिला आजार होतो, दुसऱ्या वर्षी दुसरा. उपाय दोन्हींचे वेगळे आहेत.

थंडीची तूट औषधाने निभेल का? नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागाईतदारांना हे औषध पाठ आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळ्यांना लावतात तेच हायड्रोजन सायनामाइड सफरचंदावरही फवारतात. ते विषारी आहे, आणि ते हाताळणाऱ्याने दारू प्यायली असेल तर विषबाधा अधिक भडकते. मुख्य म्हणजे ते थोडीच तूट भरून काढते, निम्मी नव्हे. वेळ चुकली तर कळ्याच जाळते.

मग उरते जात बदलणे. बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावचे हरिमन शर्मा यांनी ‘एचआरएमएन-99’ ही थंडीची फारशी गरज नसलेली जात शोधली आणि त्यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. ती जात सखल, उष्ण भागासाठी आहे. तीच किंवा इस्रायलची ‘अ‍ॅना’ कोटगढच्या उंचीवर नेली तर ती हिवाळा सरायच्या आत जागी होईल आणि पहिल्याच गोठणीत जाईल. म्हणजे कमी थंडीची जात हा सरसकट तोडगा नव्हे. उंची आणि तासांचा मेळ बसला तरच तो उपाय. महाराष्ट्रातही हौसेने ही रोपे लावणारे शेतकरी आहेत. चार-दोन झाडे लावून पाहायला हरकत नाही, पण रोपवाटिकेच्या जाहिरातीतल्या लालबुंद फोटोवर एकरभर पैसे टाकू नयेत.

सफरचंदाचे झाड तीस-चाळीस वर्षे उभे राहते. आज लावलेले कलम 2050 चे हिवाळे पाहणार आहे, आणि तरी रोपे वाटताना आजही जातीचे नाव आणि बाजारभाव पाहिला जातो. हिमाचलात सफरचंद अधिक उंचीकडे सरकते आहे, कुल्लूच्या सखल बजौरा पट्ट्यात त्याची जागा डाळिंबाने घेतली आहे. हा बदल शेतकऱ्यांनी तोटा सोसून, चाचपडत केला. तो आकड्यांच्या आधाराने करता आला असता. हवामान केंद्रांवर दर तासाचे तापमान नोंदले जाते. त्यावरून प्रत्येक पट्ट्यात किती तास जमले हे डिसेंबर ते मार्च दर आठवड्याला जाहीर करणे सरकारला अवघड नाही. गेल्या दहा-वीस वर्षांचे असे तास पाहिल्याखेरीज कोणत्याही बागेला अनुदानित कलमे देऊ नयेत, आणि रॉयलच्या नव्या लागवडीला 1,200 तास न भरणाऱ्या उतारांवर तर अजिबात नाही.